वाडग्यातल्या रिक्षा

सासऱ्याला तोंडावर "म्हाताऱ्या, मर तिकडं" म्हणणारी सून आमच्या अंबाजोगाईच्या भागात मी एकटीच असेन. असली तर असू दे. मला त्याची लाज वाटायची ती वाटून झाली, आता उलट हसू येतं. म्हातारा जिवंत आहे, दोन्ही वेळ भाकरी मोडून खातो, आणि मीठ कमी पडलं की अजून मलाच बोल लावतो. एवढं असल्यावर माणसाला दुसरं काय लागतं!

आमचं घर घाटनांदूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर, गावाच्या बाहेर. घराला लागून मेंढ्यांचं वाडगं होतं. वाडगं म्हणजे छातीएवढ्या दगडी गडग्यानं वेढलेली मोकळी जागा, मेंढरं बसवायची. सासरे, म्हणजे मी ज्यांना मामा म्हणते ते, जन्मभर मेंढरांमागं हिंडले. पुढं चराई राहिली नाही, गुडघे राहिले नाहीत, कळप मोडला. वाडगं तसंच पडून होतं. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ई-रिक्षा घेतली आणि चार्जिंगला रोज कुणाच्या तरी दारात उभं राहायची वेळ आली. मी म्हटलं, एवढी जागा रिकामी पडलीय, आपणच चार्जिंगचा तळ काढू की. मालक म्हणाले, "बघ बाई तुला जमलं तर." ते कशालाच नाही म्हणत नाहीत आणि कशालाच हो म्हणत नाहीत. संसार माझ्या तोंडावर चाललाय.

मी शेतकऱ्याच्या घरातली, बारावी शिकलेली. मेंढरांचं मला काही कळत नव्हतं आणि विजेचंही नाही. विजेचं शिकवलं ते वायरमन काकांनी. वीज कंपनीतून रिटायर झालेला माणूस, तोंडात कायम तंबाखू, बोलणं फटकळ. माझ्यासारखाच. म्हणून आमचं जमलं.

काका पहिल्या दिवशी आले तेव्हा मामांनी सगळी तयारी करून ठेवली होती. आमचं बोअर आटून चार वर्षं झाली होती, त्यातली मोटारीची चपटी केबल मामांनी वर काढून, पुसून, वेटोळं करून ओट्यावर ठेवलेली. आमच्याकडं दर दोन घरांआड अशी केबल पडलेली असते. बोअर आटतं, केबल राहते.

"घ्या, हिच्यावर दहा रिक्षा लावा," मामा म्हणाले. "अस्सल तांब्याची हाय."

काकांनी केबल हातातून सरकवत नेली. ठिकठिकाणी जोड होते, आणि प्रत्येक जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली. बोअर खोल गेलं की आपल्याकडं केबल अशीच वाढवतात. काकांनी एक पट्टी सोडली. आतलं तांबं काळं पडलं होतं, पिळे ढिले झाले होते.

"तांबं अस्सल, जोड नकली," काका म्हणाले. "आणि ही पाण्यात होती तेव्हा पाणी तिला थंड ठेवत होतं. इथं उन्हात कोण थंड ठेवणार? तुमी?"

मामांना राग आला. "मग मोटार कशी चालली इतकी सालं?"

"मोटार तास-दोन तास चालायची, तेवढ्यात लाईट जायची. रिक्षाचा चार्जर पाच-सहा अँपियरच ओढतो, पण आठ-आठ तास ओढतो. जोड ढिला असला की तिथं गरम होतं, गरम झालं की आणखी ढिलं होतं, आणि एक दिवस ट्यूबच पेटती."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मी वहीत लिहून घेतलं. प्रत्येक गाडीला बोर्डापासून स्वतंत्र वायर, अडीच एमएमची तांब्याची, मधे एकही जोड नाही. लांबचा पॉइंट असला तर चारची. प्रत्येक पॉइंटला स्वतःचा एमसीबी, म्हणजे जास्त ओढलं की आपोआप पडणारा खटका. सगळ्यांवर मिळून एक असा खटका की ज्याला विजेची गळती झाली तर माणसाला धक्का बसायच्या आत तो पडतो. अर्थिंगचा खड्डा, कोळसा-मीठ घालून. तिन्ही फेजवर गाड्या सारख्या वाटायच्या. घरातलं एक्स्टेंशन बोर्ड आणायचं नाही, आणि वायरचं वेटोळं तर अजिबात करायचं नाही, वेटोळ्यात उष्णता कोंडते. वायर वरून, आकड्यांवर टांगायची, म्हणजे पाण्यात पडत नाही आणि चाकाखाली येत नाही. मी लिहीत होते आणि मामा त्या चपट्या केबलकडं बघत होते. शेवटी त्यांनी तिच्या दोऱ्या करून कपडे वाळत घातले. अजून घालतात.

खरं भांडण झालं ते जागेवरून. मामांनी काठीनं मापून सांगितलं, सोळा रिक्षा बसतात. गडग्याला तोंडं लावून, एकीला एक खेटून. काकांनी फक्कीच्या रेघा मारल्या त्यात नऊच बसल्या. दोन गाड्यांच्या मधे एक वाव, म्हणजे हात पसरलेला माणूस मावेल एवढं अंतर. सगळ्या गाड्यांची तोंडं बाहेर, म्हणजे वेळ आली तर सरळ पुढं निघतील. मधला रस्ता कायम मोकळा. आणि चार्जिंगला विजेच्या स्कूटरी आल्या तर त्या रिक्षांच्या जवळही नकोत. त्या पूर्वेच्या टोकाला, पलीकडं मोकळं रान असलेल्या बाजूला, मधे विटांची भिंत बांधून. आपल्याकडं दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा धूर झालाच तर रानात जाईल, घराकडं नाही. हे सगळं त्यांनी उभ्या उभ्या ठरवलं.

"स्कूटरीला एवढं वाळीत टाकायचं कावून?" मामा म्हणाले.

"रिक्षात शिशाच्या ॲसिडवाल्या बॅटऱ्या. चार्ज होताना त्यातून गॅस निघतो, म्हणून सीट उघडी ठेवायची आणि जवळ बिडी-उदबत्ती न्यायची न्हाई. एवढं पाळलं की त्या गरीब. स्कूटरीत लिथियम. ती पेटली की स्वतःच्याच पोटातून जळती, बाहेरून विझवून विझत न्हाई."

"मेंढरं दाटीनं बसली की लांडगा शिरत न्हाई," मामा म्हणाले. "आमी जन्मभर दाटी केली."

"हितं लांडगा आतच बसलेला असतो, बाबा."

मामा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सोळाच्या नऊ झाल्या, आणि दोष माझा. मी तर म्हटलं, नका बोलू, तेवढीच शांती. पण आत कुठंतरी टोचत होतं. वाडगं त्यांचं होतं, हातानं दगड रचून बांधलेलं.

मग एक दिवस मीच गेले आणि म्हटलं, "मामा, राखणीला माणूस लागतो. गाड्या चार्जिंगला लावल्या की कुणीतरी सतत हिंडतं पाहिजे. मला स्वयंपाक हाय, मालक रस्त्यावर. तुमीच बसा." ही मात्र मी आयुष्यात केलेली शहाणपणाची गोष्ट. शंभर मेंढरांत लंगडणारं एक मेंढरू लांबून ओळखणारा माणूस तो. दर अर्ध्या तासाला उठायचे, प्रत्येक प्लगला उलट्या हातानं टेकून बघायचे गरम लागतो का, नाक पुढं करून वास घ्यायचे. प्लग जरा काळा दिसला की "काढ ही, आधी प्लग बदल" म्हणून ड्रायव्हरला हाकलायचे. गाडी उन्हातून पळून आली असली तर अर्धा तास लिंबाखाली गार होऊ द्यायचे, मगच लावायचे. चार्जिंगला लावलेल्या गाडीत कुणी डुलकी काढायला बसलं की काठी आपटायचे. मी कितीही सांगितलं असतं तरी ड्रायव्हरांनी ऐकलं नसतं. म्हाताऱ्याचं ऐकायचे.

एका गोष्टीत मात्र ते कुणाचं ऐकेनात, आणि माझ्या जिवाला तोच घोर होता.

काकांनी आम्हाला आगीची तालीम करून दाखवली होती. धूर दिसला की आधी फाटकाजवळचा मेन पाडायचा. तो मुद्दाम फाटकाजवळ बसवला होता, म्हणजे आत जायचं काम नाही. मग माणसं बाहेर काढायची, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी करायची आणि मोजायची. मग अग्निशमनच्या गाडीला फोन, आणि फोनवर सांगायचं की बॅटरी पेटलीय. आग विझवायचा लाल सिलिंडर आहे तो बोर्ड, वायर, सीट असलं काही थोडं पेटलं तर. लिथियमच्या डब्याला तो पुरत नाही, ज्वाळा दबते आणि परत उठते. त्याला पाणी, भरपूर पाणी, तेही मेन पाडल्यावर आणि लांबून. जवळ जायचं नाही. धूर विषारी असतो. आत जायचं नाही म्हणजे नाही.

"जित्राब आत ठेवून माणूस बाहेर पळतो होय?" मामा म्हणाले.

आता हे समजायला मेंढक्याच्या घरातलं असावं लागतं. आग लागली की मेंढरू बाहेर पळत नाही. दार उघडलं तरी पळत नाही. एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून आणखी आत दाटतं. मेंढक्याला आत शिरावंच लागतं, म्होरक्याला शिंगं धरून ओढत बाहेर आणावं लागतं, मग बाकीची त्याच्यामागं येतात. मामांनी तरुणपणी हे केलं होतं. पाटोद्याच्या बाजूला उतरले असताना वाडग्याला आग लागली, ते आत गेले, कळप वाचवला. डाव्या हाताची तीन बोटं तेव्हापासून सरळ होत नाहीत. त्या बोटांचा त्यांना लई अभिमान. कुणीही नवा माणूस आला की हात पुढं करून दाखवणार.

"मामा, ह्या गाड्यांना जीव न्हाई," मी म्हटलं.

"पोटाला घालतंय ते जित्राबच," ते म्हणाले आणि उठून गेले.

मी काकांना म्हटलं, एक दिवस हा माणूस आत शिरणार. काका म्हणाले, "ताई, तुमी डोळा ठेवा." डोळा ठेवा! मी काय डोळा ठेवत बसू, का भाकरी करू?

होळी होऊन गेली होती, ऊन चांगलंच तापायला लागलं होतं. सकाळी दहाच्या सुमाराला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातली एक सिस्टर आली. रोजची गिऱ्हाईक, गोड पोरगी, माझ्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय जायची नाही. त्या दिवशी घाईत होती. स्कूटरच्या खालच्या बाजूला खरवडलेलं दिसलं. मी वाकून बघितलं तर बॅटरीच्या डब्याचा कोपरा चेपलेला.

"हे काय गं?"

"काल खड्ड्यात आपटली, काकू. चालतेय की नीट. लावून घ्या ना, तीनला मला सासरी जायचंय."

काकांनी लिहून दिलेलं होतं, आपटलेली, फुगलेली, पाण्यात गेलेली बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, आधी दुरुस्तीवाल्याला दाखवायची. माझ्याच अक्षरात वहीत होतं. आणि मी लावली. का लावली? पोरीचं तोंड बघून लावली, दुसरं काय. एवढंच शहाणपण केलं की सगळ्यात शेवटच्या जागेवर, टोकाला लावायला सांगितली. चूक माझी होती, मी ती कुणावर ढकलणार नाही. पोरगी सवयीनं हँडल लॉक करून, किल्ली घेऊन गेली. तेही माझ्या लक्षात आलं नाही.

एक-दीडचा सुमार. वाडग्यात सात रिक्षा आणि ती एक स्कूटर. दोन ड्रायव्हर फाटकाबाहेर लिंबाखाली बाजेवर आडवे. मालक भाडं घेऊन स्टँडकडं गेलेले. मी चुलीपुढं होते. मामांची हाक आली, "सूनबाई, वास येतोय!"

मी खिडकीतून विचारलं, "कसला?"

"गोड. नेलपालिशवानी."

त्यांना नेलपालिशचा वास कुठून माहीत, देव जाणे. पण मला काकांनी सांगितलेलं आठवलं, लिथियमचा डबा आतून फुटला की गोडसर, औषधासारखा वास येतो. हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून मी पळाले. फाटकाशी आले, मेन खाली ओढला. खटकन आवाज झाला आणि सगळ्या चार्जरांचे दिवे गेले. ड्रायव्हरांना ओरडले, "उठा रे, फोन लावा, आगीच्या गाडीला फोन लावा!" एक जण उठून "काय बे झालं?" म्हणून दुसऱ्यालाच विचारत बसला. दुसऱ्यानं मात्र फोन काढला.

स्कूटरच्या खालून पांढरा धूर निघत होता. बारीक फुसफुस आवाज येत होता. जाळ नव्हता. वारा धूर रानाकडं नेत होता, रिक्षा भिंतीच्या अलीकडं लांब उभ्या होत्या. म्हणजे सगळं ठरवल्यासारखं चाललं होतं. मी माणसं मोजली. ड्रायव्हर दोन, मी तिसरी.

मामा नव्हते.

ते भिंतीला वळसा घालून आत गेले होते. आजारी मेंढरू कळपातून वेगळं काढायचं, बस, तेवढंच त्यांच्या डोक्यात. त्या स्कूटरचं हँडल धरून ते तिला रानाकडं ओढत होते. हँडल लॉक. गाडी सरळ निघेना, जागच्या जागी गोल फिरायला लागली. आणि म्हातारा तिच्याबरोबर धुरात गोल फिरतोय, खोकतोय, पण सोडत नाही.

"मामा, सोडा ती! बाहेर या!"

"आलो, आलो, निघालीच हाय!"

"मामा, हात जोडते, सोडा!"

ऐकलं नाही. फुसफुस वाढली होती. काका म्हणाले होते, आवाज वाढला की फार वेळ राहत नाही. मी लग्न होऊन आल्यापासून सासऱ्याच्या अंगाला बोट लावलेलं नव्हतं. पाया पडायची ती सुद्धा लांबून, जमिनीला हात लावून. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. त्या दिवशी पदर कुठं गेला मला ठाऊक नाही. तो नंतर फाटकाच्या खिळ्याला अर्धा फाटलेला सापडला. मी श्वास धरला आणि पळत गेले. वाऱ्याच्या अंगानं गेले एवढं खरं, पण गेले. मागून त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि तोंडातून आलं, "म्हाताऱ्या, सोड ती! सोड म्हणते ना! मरायचं तर मर तिकडं, माझ्या दारात मरू नको!"

ते दचकले. आगीला नाही, मला दचकले. हात सुटला. मी तशीच मागं ओढत त्यांना घेऊन आले, त्यांचा एक जोडा तिथंच राहिला. विटांच्या भिंतीच्या अलीकडं आलो, फाटकापर्यंत आलो आणि मागं धडाधड फटाके फुटल्यासारखं झालं. वळून बघितलं तर स्कूटरच्या पोटातून आडवा जाळ निघाला होता, माणसापेक्षा लांब. जिथं मामा उभे होते तिथून पलीकडं जात होता.

दोन्ही ड्रायव्हर तोवर शुद्धीवर आले होते. एक वाळूची बादली घेऊन आत निघाला. मी त्याला अशी काही शिवी दिली की तो तिथंच थांबला. आत कुणी नाही! टाकीचा पाइप घेतला, फाटकाच्या बाजूनं, लांबून, आधी भिंतीवर आणि अलीकडच्या रिक्षांवर पाणी मारायला लावलं, मग स्कूटरीवर. भिंतीच्या जवळच्या दोन रिक्षांच्या वायरी काढून, तोंडं बाहेर असल्यामुळं, दुसऱ्या ड्रायव्हरनं त्या सरळ ढकलत रस्त्यावर आणल्या. भिंत काळी झाली. तिच्या अलीकडं ठिणगी आली नाही. आगीची गाडी आली तेव्हा जाळ बसल्यासारखा वाटत होता, पण त्या माणसांनी पाणी थांबवलं की पाच मिनिटांनी परत भडकायचा. असं तीनदा झालं. शेवटी त्यांनी तो सांगाडा मोकळ्या रानात ओढून ठेवला आणि सांगितलं, उद्यापर्यंत जवळ कुणी जायचं नाही, परत पेटू शकतं.

हे सगळं मी अर्धंच बघत होते. मामा फाटकाजवळ बसले होते आणि खोकला थांबत नव्हता. ती सिस्टर कुणीतरी फोन केल्यामुळं धावत आली. स्वतःच्या गाडीकडं तिनं बघितलंही नाही. मामांच्या नाकात डोकावली, ओठ बघितले, आणि म्हणाली, "काकू, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. ह्या धुराचा त्रास नंतर वाढतो." रस्त्यावर काढलेल्या रिक्षातच आम्ही त्यांना घेऊन गेलो. ती सारखी म्हणत होती, "माझ्यामुळं झालं." मी म्हटलं, "गप. लावून घेतली मी." पहिल्यांदाच मला कुणाला रागवायचं सुचत नव्हतं.

मास्क लावला, ऑक्सिजन चालू केला. डॉक्टर म्हणाले, आत्ता बरे दिसतात, पण रात्रभर ठेवू. छातीचा फोटो काढला. मालक आले, बापाच्या पायाशी बसले. मला घरी पाठवलं. मी घरी जाऊन काय केलं? तव्यावरची भाकरी कोळसा झाली होती, ती टाकली. मग परत निघून आले. चालताना सारखं डोक्यात येत होतं, हा माणूस गेला तर माझं शेवटचं वाक्य काय राहील? मर तिकडं. देवाला म्हटलं, एवढं वाक्य तेवढं राहू देऊ नको.

सकाळी डॉक्टर आले, छातीला नळी लावून ऐकलं, फोटो बघितला, म्हणाले, "आजोबा, नशीबवान आहात. फुप्फुसं साफ. दुपारी घरी जा." मी जिन्यात जाऊन बसले. किती वेळ बसले आठवत नाही. एक आया मला म्हणाली, "कोण गेलं बाई?" मी म्हटलं, "कुणी न्हाई. कुणी न्हाई गेलं." आणि हसायला लागले. तिनं मला येडी समजून पाणी आणून दिलं.

आत आले तर मालक चहा आणायला गेलेले. मामा उशाला टेकून बसलेले, मास्क गळ्यात. मी लांबूनच जमिनीला हात लावला. म्हटलं, "मामा, काल मी लई वंगाळ बोलले. कॉलर धरली. माफ करा."

 ते आवाज चढवून म्हणाले, "वहीत नेम कुणी लिवलाय? आत जायचं न्हाई म्हणून?"

"मी."

"मग तू आत आली कावून?"

मालक चहाचे कप घेऊन दारात उभे राहिले, एकदा बापाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मी म्हटलं, "तुमी आत होता की."

मामांनी तोंड भिंतीकडं वळवलं. खांदे हलत होते. मालक पुढं निघाले तसं मी त्यांना हातानं थांबवलं आणि आम्ही दोघं तसेच दारात उभे राहिलो, चहा गार होईपर्यंत.